बटण एक, खेळ तीन: ट्रायथलॉनमध्ये घड्याळाची नोंद तुटू न देता पोहणं, सायकल आणि धावणं

2019 साली गोव्यात पहिल्यांदा आयर्नमॅन 70.3 झाली, तेव्हापासून पणजीच्या आसपास पहाटे सायकल आणि ट्रायसूट घातलेली माणसं दिसणं नवलाचं राहिलेलं नाही. मिरामारच्या समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, शेवटी 21.1 किलोमीटर धावणं. बहुतेकांच्या मनगटावर महागडं घड्याळ असतं, आणि शर्यत संपल्यावर ‘माझ्या घड्याळात सायकल नोंदलीच गेली नाही’ असं म्हणणाराही एखादा भेटतोच. घड्याळ क्वचितच बिघडलेलं असतं. नेहमीच्या सरावात ज्या बटणाचा अर्थ एक, त्याच बटणाचा अर्थ ट्रायथलॉनच्या मोडमध्ये वेगळा होतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रोजच्या धावण्यात लॅपचं बटण दाबलं की एक फेरी संपते आणि दुसरी मोजायला लागते. चुकून दाबलं तरी बिघडत नाही, फार तर एक फेरी आखूड दिसते. ट्रायथलॉन मोडमध्ये तेच बटण दाबलं की खेळच बदलतो. पोहणं बंद, ट्रान्झिशन सुरू. पुन्हा दाबलं की ट्रान्झिशन बंद, सायकल सुरू. घड्याळ पुढेच सरकतं, मागे येणं बहुतेक मॉडेलांत जमत नाही. गार्मिनच्या घड्याळांत हे काम लॅपचं, म्हणजे बॅकचंच, बटण करतं. ॲपल वॉच अल्ट्रावर ॲक्शन बटण करतं. तुमच्या घड्याळात कुठलं बटण हे काम करतं, ते शर्यतीच्या आठवडाभर आधी स्वतः दाबून बघा. माहितीपुस्तिका वाचून ते बोटांत उतरत नाही.

एकंदर हिशेब असा. सुरुवातीला स्टार्ट, शेवटी स्टॉप, आणि मध्ये चार वेळा लॅप. पहिलं लॅप पाण्यातून बाहेर आल्यावर, दुसरं सायकल घेऊन निघताना, तिसरं सायकल परत आणल्यावर, चौथं धावायला निघताना. म्हणजे सहा दाब आणि त्यांतून तयार होणारे पाच तुकडे: पोहणं, टी-वन, सायकल, टी-टू, धावणं. टी-वन आणि टी-टू ही ट्रान्झिशनची रूढ नावं, म्हणजे कपडे-बूट बदलण्याचा वेळ.

ट्रान्झिशन बंद करण्याचीही सोय असते. सेटिंगमध्ये `Transitions` बंद केलं की मधले दाब चारावरून दोनावर येतात आणि बदलायचा वेळ पुढच्या किंवा मागच्या खेळात मिसळून जातो. दाब कमी म्हणजे चुका कमी, असं वाटू शकतं. पण ट्रान्झिशन चालू असताना एक दाब जास्त पडला, तर घड्याळ फार तर टी-वनमध्ये किंवा टी-टूमध्ये जाऊन थांबतं. बंद असताना तोच चुकीचा दाब थेट पुढच्या खेळात नेऊन सोडतो. शिवाय बूट चढवायला तीन मिनिटं गेली की पाच, हे पुढच्या वेळी सुधारायचं तर ते आकडे वेगळे लागतात. म्हणून ट्रान्झिशन चालूच ठेवा.

दाब पडतो तेव्हा आत काय होतं

खेळ बदलला की घड्याळ जुनी फाईल बंद करून नवी उघडतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो आणि ‘आधीचं गेलं तर नाही?’ ही भीतीही त्यातूनच येते. प्रत्यक्षात, गार्मिनसारख्या एफआयटी फाईल बनवणाऱ्या घड्याळांत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच फाईल चालू असते. लॅप दाबलात की तिच्यात एक रेघ ओढली जाते: इथे पहिला तुकडा संपला, इथून दुसरा सुरू, आणि दुसऱ्याचा खेळ अमुक. मुख्य घड्याळाची टिकटिक थांबत नाही.

म्हणून दाब चुकला तर रेघ चुकीच्या जागी पडते, एकूण वेळ मात्र बरोबरच राहतो. नोंदलेली बहुतेक माहितीही फाईलमध्येच असते, फक्त चुकीच्या नावाखाली जाऊन बसलेली.

‘बहुतेक’ म्हणण्याचं कारण आहे. खेळ बदलला की घड्याळ काय मोजायचं तेही बदलतं. पोहण्याच्या तुकड्यात ते हाताचे स्ट्रोक मोजतं आणि जीपीएसची वाट पोहणाऱ्याच्या वेगाला साजेशी गुळगुळीत करतं. सायकलचा पॉवर मीटर, चाकावरचा वेगाचा सेन्सर, कॅडेन्स म्हणजे पायडल फिरण्याची गती, यांच्याकडे तेव्हा त्याचं लक्षही नसतं. सायकलचा तुकडा सुरू झाला की मगच ते त्या सेन्सरांना जोडून घेतं. त्यामुळे तुम्ही सायकलवर आणि घड्याळ अजून पोहण्यात, असं झालं तर वाट आणि वेळ सापडतील, पण त्या काळातली पॉवर कुठेच नोंदलेली नसेल आणि ती कुठल्याही दुरुस्तीनं परत आणता येत नाही. रेघ चुकली तर दुरुस्ती होते, सेन्सर ऐकलाच नाही तर होत नाही. सगळ्या चुका या एका कसोटीवर तपासून बघता येतात.

मिरामारची एक सकाळ, आकड्यांसह

सरावासाठी छोटं अंतर धरू: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. सकाळी मिरामारला पाण्यात उतरलात, 18 मिनिटं 30 सेकंदांत पोहून बाहेर आलात, वाळू तुडवत सायकलपाशी गेलात आणि या गडबडीत लॅप दाबायचं राहून गेलं. वाळूतलं चालणं, हेल्मेट, बूट, चष्मा यांत मिळून 2 मिनिटं 40 सेकंद गेली. 21 मिनिटं 10 सेकंदांनी तुम्ही दोनापावलाच्या दिशेनं सायकल मारायला लागलात. ताशी 28 किलोमीटरनं सहा मिनिटं गेल्यावर मनगटाकडे नजर गेली.

पडद्यावर सायकलचा वेग नाही. तिथे 100 मीटरला 13 सेकंद असा काहीतरी आकडा आहे. 100 मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम 46 सेकंदांच्या आसपास आहे. घड्याळ तुम्हाला अजून पोहताना बघत आहे, याची ही खूण. एकूण अंतरही साधारण 3.7 किलोमीटर दिसेल: पोहण्याचे 750 मीटर, वाळूतले शंभर-सव्वाशे आणि सायकलचे 2800.

आता काय करायचं? सायकल सरळ धरून एकदा लॅप दाबा. पडदा टी-वन दाखवेल. तो दिसल्यावरच दुसऱ्यांदा दाबा. पडदा सायकल दाखवेल. इथे घाईनं टक-टक केलंत आणि तिसरा दाब पडला तर थेट टी-टूमध्ये जाल, म्हणजे एका चुकीच्या दोन होतील. दर दाबानंतर घड्याळ थरथरतं. ती थरथर मनगटाला जाणवली, पडद्यावरचं नाव वाचलं, मग पुढचा दाब, एवढा संथपणा इथे हवा.

शेवटी घड्याळात नोंद अशी दिसेल: पोहणं 27 मिनिटं 10 सेकंद आणि 3.7 किलोमीटर, टी-वन 2 सेकंद, सायकल साधारण 17.2 किलोमीटर आणि पावणेसदतीस मिनिटं, टी-टू आणि धावणं जसंच्या तसं. पोहणं फुगलं, सायकल आखडली, पण बेरीज बिनचूक. गमावलं काय? सायकलच्या पहिल्या सहा मिनिटांची पॉवर आणि कॅडेन्स, बस. पूर्ण अंतराच्या शर्यतीतही गणित हेच. चूक किती लवकर लक्षात आली, तेवढंच महत्त्वाचं.

म्हणून सायकलवर बसल्यावर पहिल्या पाचशे मीटरांत एकदा पडद्याकडे बघायची सवय लावून घ्या. वेग किलोमीटरमध्ये दिसत असेल तर सगळं ठीक. बघणं सोपं व्हावं म्हणून सायकलच्या पहिल्या पडद्यावर तीनच आकडे मोठे ठेवा: वेग, अंतर, आणि पॉवर किंवा हृदयगती. सहा आकड्यांचा पडदा घरात छान वाचता येतो. मोकळ्या रस्त्यावर, डोळ्यांत मीठ असताना, अजिबात नाही.

फेऱ्यांचा सापळा

दुसरी चूक उलट दिशेची आणि जास्त महाग. गोव्यातल्या शर्यतीत सायकल आणि धावणं दोन्ही फेऱ्यांमध्ये असतं. सरावात प्रत्येक फेरीला लॅप दाबायची ज्यांच्या अंगठ्याला सवय झाली आहे, ते शर्यतीतही सायकलची पहिली फेरी संपताना सराईतपणे लॅप दाबतात. घड्याळ आज्ञाधारकपणे टी-टूमध्ये जातं. तिथून पुढच्या दाबानं ते धावण्यात जाईल आणि सायकल कायमची मागे राहील.

उपाय सोपा आहे, पण आधी करून ठेवायचा: `Auto Lap` चालू ठेवा, सायकलला दर 5 किलोमीटरला आणि धावण्याला दर 1 किलोमीटरला. फेऱ्या आपोआप मोजल्या जातील आणि अंगठ्याला सायकलवर काही कामच उरणार नाही. फेरीची नेमकी सीमा हवी असेल तर ती नंतर नकाशावर मिळते.

आणि चूक होऊन गेलीच तर? सायकलवर आहात आणि पडदा टी-टू दाखवतोय. पहिली गोष्ट, पुन्हा दाबू नका. पुढचा दाब तुम्हाला परत सायकलमध्ये नेत नाही. इथे दोन वाटा आहेत, आणि निवड किती सायकल उरली आहे यावर करायची.

थोडीच सायकल उरली असेल, म्हणजे पाव हिस्सा किंवा त्याहून कमी, तर तसंच चालू द्या. उरलेली सायकल टी-टूच्या नावावर जमा होईल. सायकल जागेवर लावून, बूट बदलून निघताना एकदा लॅप दाबा, धावणं नीट सुरू होईल. एकूण वेळ शाबूत, धावणं शाबूत. टी-टू मात्र अर्धा-पाऊण तासाचा दिसेल, आणि त्या काळातली पॉवर मिळेल असं धरून चालू नका.

पण साठ किलोमीटर उरले असतील तर एवढा वेळ अंधारात सायकल मारण्यात अर्थ नाही. स्टॉप दाबा, `Save` करा आणि नेहमीचं साधं सायकलचं ॲक्टिव्हिटी मोड सुरू करा. धावताना साधं धावण्याचं. एका शर्यतीच्या तीन नोंदी होतील, पण प्रत्येकीत सेन्सर बोलत राहतील. अधिकृत वेळ तशीही घोट्याला बांधलेली चिप आणि जमिनीवरच्या टायमिंग मॅट मोजतात, त्यासाठी घड्याळ लागत नाही. फक्त घाईत `Discard` वर बोट पडू देऊ नका. दोन्ही पर्याय त्याच यादीत शेजारी असतात.

हाच सापळा पावसाळ्यात दुसऱ्या रूपात भेटतो. जून ते सप्टेंबर समुद्र पोहण्याजोगा नसतो, तेव्हा सराव तरणतलावात आणि घरातल्या सायकल-ट्रेनरवर होतो. तयार `Triathlon` मोडमध्ये पोहणं समुद्रातलं, म्हणजे जीपीएसवर चालणारं असतं. ते तलावात लावलंत तर तुम्ही सरळ दोनशे मीटर पोहता आणि घड्याळ काठाकाठानं वेडीवाकडी वाट काढतं. म्हणून वेगळं मल्टिस्पोर्ट, म्हणजे अनेक खेळांचं, मोड तयार करा: तलावातलं पोहणं, घरातली सायकल, मग धावणं. त्यात तलावाची लांबी नीट भरा. तलाव 50 मीटरचा आणि घड्याळात 25 असेल, तर अंतर निम्मंच मोजलं जाईल, कारण घड्याळ फक्त किती वेळा टोक गाठलं ते मोजून लांबीनं गुणतं. आणि सापळा असा: नेहमीच्या तलाव मोडमध्ये काठाला थांबल्यावर विश्रांतीसाठी जे बटण दाबता, ते इथे दाबलंत की सायकलकडे निघालात.

पाण्यातल्या नोंदीचे दोन प्रश्न

जीपीएसचे सिग्नल पाण्याखाली पोहोचत नाहीत. हात पाण्याबाहेर येतो त्या क्षणात घड्याळ उपग्रह पकडतं आणि मधली वाट अंदाजानं जोडतं. फ्रीस्टाइलमध्ये हे बरं जमतं, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात वर येतच नाही म्हणून वाट डगमगते. पण सर्वांत मोठं नुकसान होतं ते उपग्रह पक्के न पकडता पाण्यात उतरलात तर. पाण्यात गेल्यावर नव्यानं पकडणं फार कठीण, त्यामुळे पहिले दोनशे-तीनशे मीटर गायब होतात आणि नकाशावर तुम्ही समुद्राच्या मधोमध अवतरता.

त्यामुळे वाळूवर, झाडांच्या आणि मंडपाच्या बाहेर, मोकळ्या आभाळाखाली `Triathlon` मोड उघडून ठेवा आणि जीपीएसची खूण हिरवी झाली की आणखी एक-दोन मिनिटं थांबा. इथे एक बारीक अडचण येते. रोलिंग स्टार्टमध्ये, म्हणजे थोड्या थोड्या माणसांना सोडताना, रांगेत वीस मिनिटंही जाऊ शकतात. गार्मिनमध्ये सुरुवातीचा पडदा न दाबता राहिला तर साधारण 5 मिनिटांनी घड्याळ वीज वाचवायच्या अवस्थेत जातं आणि जीपीएस सोडतं. सेटिंगमध्ये `Power Save Timeout` हा पर्याय `Extended` केला की हा वेळ 25 मिनिटांवर जातो. शर्यतीच्या आदल्या रात्री एवढं बदलून ठेवा. तरीही रांगेत अधूनमधून पडदा बघा, आणि स्टार्ट मॅट ओलांडताना दाबा. रांगेत आधीच दाबून ठेवलंत तर उभं राहण्याचा वेळ पोहण्यात धरला जाईल.

दुसरा प्रश्न हृदयगतीचा. छातीच्या पट्ट्याचा रेडिओ सिग्नल पाण्यात काही सेंटीमीटरच्या पलीकडे जात नाही. मनगटाचा सेन्सर पाण्यात, तोही हात सतत वळवताना, नीट वाचत नाही. पोहण्यासाठी बनवलेले पट्टे म्हणून एक युक्ती करतात: पोहताना आकडे स्वतःच्या पोटात साठवतात आणि पाण्याबाहेर आल्यावर घड्याळाला देतात. यात पथ्य एकच. देवाणघेवाण पूर्ण होईपर्यंत पट्टा अंगावर आणि घड्याळ जवळ, साधारण 3 मीटरच्या आत असायला हवं. शर्यत संपल्यावर घाम आलाय म्हणून पट्टा काढून पिशवीत टाकलात, मग `Save` केलंत, तर पोहण्याची हृदयगती पट्ट्यातच राहते. आधी `Save`, पूर्ण झाल्याची खूण दिसली की मग पट्टा.

परदेशी लेखांत वेटसूटच्या बाहीखाली घड्याळ कसं घालायचं याची लांबलचक चर्चा असते. गोव्याचं पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इतकं उबदार असतं की वेटसूटचा प्रश्न उद्भवत नाही. ती चर्चा सोडून द्या.

खाऱ्या पाण्यानं आणखी एक होतं. घड्याळाच्या कडेला हवेचा दाब मोजणारं इवलंसं छिद्र असतं. उंचीचा आकडा त्यावरच येतो. त्यात पाणी अडकलं की सायकलच्या सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं उंची चुकीची दिसते, समुद्रकिनाऱ्याचा सपाट रस्ता घाटासारखा. वाळलं की आपोआप सुधारतं. चालू शर्यतीत यासाठी काही करू नका. दर पोहण्यानंतर घड्याळ नळाच्या साध्या पाण्याखाली मात्र नक्की धुवा, कारण वाळलेल्या मिठानं आणि वाळूनं बटण अडखळतं, आणि अडखळलेलं बटण म्हणजे पुन्हा पहिली चूक: दाबलंय असं वाटतं, पण दबलेलं नसतं.

स्वतःहून बदलणारी घड्याळं

नव्या घड्याळांत खेळ आपोआप ओळखण्याची सोय आली आहे. ॲपलनं 2022 साली वॉचओएस 9 मध्ये मल्टिस्पोर्टसह ती दिली. गार्मिनच्या नव्या मॉडेलांतही ऑटो स्पोर्ट चेंज आहे. घड्याळ हाताची हालचाल वाचतं. पोहण्याचे झटके थांबून पावलांची लय सुरू झाली तर पाण्यातून बाहेर आलात, पावलं थांबून वेग वाढला तर सायकल, पुन्हा पावलं तर धावणं. ही कल्पना चांगली आहे आणि विसराळू माणसाला आधार आहे. पण घड्याळाला खात्री व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून ट्रान्झिशनचे आकडे काही सेकंदांनी सरकलेले असतात. मिरामारसारख्या उथळ किनाऱ्यावर अडचण आणखी वेगळी: पाय टेकतात तिथून बराच काळ कमरेएवढ्या पाण्यातून चालत यावं लागतं, आणि हे चालणं घड्याळाला पोहण्याचा शेवट वाटू शकतं.

मग आपोआप ठेवायचं की हातानं? जो पहिल्यांदाच शर्यतीत उतरतोय, त्यानं आपोआप ठेवावं. ज्याला ट्रान्झिशनचे सेकंद मोजायचे आहेत, त्यानं हातानं दाबावं. दोन्ही एकदम नकोत: घड्याळानं आधीच बदललेलं असताना तुम्ही सवयीनं लॅप दाबलात, तर एक तुकडा उडून जातो. आपोआप चालू असेल तर बटणाला हात लावायचा नाही, एवढं पक्कं ठरवून उतरा.

टचस्क्रीन मात्र कुठल्याही परिस्थितीत बंदच असावी. पाण्याचे थेंब आणि घाम बोटासारखेच वागतात. गार्मिनमध्ये मल्टिस्पोर्टसाठी बटणंही कुलूपबंद ठेवायची सोय आहे. ती वापरणार असाल तर उघडायची रीत आधी सवयीची करून घ्या, नाहीतर टी-वनच्या दारात कुलूप उघडत बसाल. ॲपल वॉचमध्ये पोहायला लागताच पाण्याचं कुलूप आपोआप लागतं आणि डिजिटल क्राउन दाबून धरल्यावर उघडतं.

ऑटो पॉजही बंद ठेवा. सिग्नलला थांबलात, पंक्चर झालं, पाण्याच्या टेबलाशी क्षणभर उभे राहिलात, तर घड्याळ वेळ मोजणं थांबवतं आणि घड्याळाचा एकूण वेळ चिपपेक्षा कमी येतो. ट्रान्झिशनमध्ये ‘जरा थांबलोय’ म्हणून हातानं स्टॉप दाबणंही त्याच जातीचं: थांबवलेल्या काळातली वाट आणि आकडे फाईलमध्ये नोंदले जात नाहीत, आणि परत सुरू करायचं विसरलात तर पुढची सायकलच नोंदली जात नाही. एकदा सुरू केल्यावर स्टॉपचं बटण शेवटच्या मॅटपर्यंत विसरून जा.

फाईल आत उघडून बघायची असेल तर

शर्यत संपली, `Save` झालं, तरी रेघ चुकलेली असेल, तर दुरुस्तीच्या आधी मूळ फाईलची एक प्रत काढून ठेवा. गार्मिनचं घड्याळ केबलनं संगणकाला जोडलं की `GARMIN/Activity` या फोल्डरमध्ये `.fit` फाईल सापडते. तिच्यात दर तुकड्याची एक `session` नोंद असते, म्हणजे नीट झालेल्या ट्रायथलॉनमध्ये पाच. त्या मोजणं हीच पहिली तपासणी. गार्मिनचं मोफत अवजार ही फाईल तक्त्यासारखी उघडून देतं:

```
java -jar FitCSVTool.jar -b sakal.fit sakal.csv
```

तक्त्यात `session` च्या ओळी शोधा आणि `sport`, `start_time`, `total_elapsed_time`, `total_timer_time` ही नावं आणि त्यांच्या शेजारचे आकडे बघा. `start_time` ची वेळ मोठ्या आकड्यात दिसेल. तो 31 डिसेंबर 1989 च्या मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत असतो, तेही जागतिक वेळेनुसार, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. `total_elapsed_time` आणि `total_timer_time` यांच्यात फरक असेल, तर तेवढा काळ घड्याळ थांबलेलं होतं: स्टॉप दाबला गेला किंवा ऑटो पॉज चालू राहिलं.

मिरामारच्या उदाहरणात पोहण्याच्या `session` मध्ये 1630 सेकंद दिसतील. मग `record` च्या ओळींत वेग बघत खाली या. सुरुवातीला सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास, नंतर अडीच मिनिटं कधी वाळूतल्या चालण्याचा वेग, कधी जवळपास शून्य, आणि मग अचानक पावणेआठ मीटर. पोहण्याचा एकसारखा वेग मोडतो ती पोहण्याची खरी अखेर, आणि वेग उसळतो ती सायकलची खरी सुरुवात. हे दोन क्षण वहीत लिहून ठेवलेत, तर प्रशिक्षकाला सांगायला तेवढं पुरतं.

फाईल हातानं संपादकात उघडून आकडे बदलायला जाऊ नका. एफआयटी फाईलच्या शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. आतलं एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही आणि ॲप फाईल नाकारतं. तुकडे कापायचे असतील तर त्यासाठी बनवलेली साधनं वापरा, आणि तीही प्रतीवर. मूळ फाईल तशीच राहू द्या. स्ट्राव्हावर चढवलंत तर एकच ट्रायथलॉन वेगवेगळ्या नोंदींत विभागलेलं दिसतं. फाईल तुटलेली नसते, ते ॲप प्रत्येक खेळ वेगळा दाखवतं इतकंच.

सराव करायला समुद्र लागत नाही. अंगणात उभं राहून मोड सुरू करा, एक मिनिट थांबा, लॅप दाबा, पुन्हा एक मिनिट, पुन्हा लॅप, असं करत सहा दाब पूर्ण करा आणि जतन करा. फोनवर पाच तुकडे, साधारण मिनिटामिनिटाचे, दिसायला हवेत. चार दिसले तर एक दाब लागला नाही, तीनच दिसले तर बहुधा ट्रान्झिशन बंद आहे. दोनदा पाच दिसल्यावर ती नोंद पुसून टाका, नाहीतर मिनिटभर अंगणात उभं राहून ‘पोहल्याची’ नोंद तुमच्या आठवड्याच्या बेरजेत जाऊन बसेल.